दोन टोकांचा वेग: ईझिंग कर्व्हचा आढावा

पैसे पाठवायचं एखादं ॲप उघडावं, बटण दाबावं आणि पडद्याच्या खालच्या कडेतून एक पांढरा पॅनेल वर सरकत यावा, ही हालचाल आता आपल्या इतक्या सवयीची झाली आहे की ती कोणीतरी ठरवलेली आहे हे लक्षातही येत नाही. या लेखात हाच एक पॅनेल घेऊन बसू. त्याची उंची २१६ पिक्सेल धरू आणि वर यायला त्याला ३०० मिलिसेकंद लागतात असं समजू. २१६ हा आकडा मी मुद्दाम निवडला आहे. तो सहाचा घन आहे, त्यामुळे ३०० मिलिसेकंदांचे पन्नास-पन्नासचे सहा भाग केले की पुढचा सगळा हिशेब पूर्णांकांत येतो आणि कागदावर ठिपके काढून पाहता येतो.

पहिल्यांदा पॅनेल एकसारख्या वेगाने वर आणू. दर पन्नास मिलिसेकंदांना तो ३६ पिक्सेल सरकेल: ३६, ३६, ३६, ३६, ३६, ३६. प्रत्येक वेळी त्याची वरची कड जिथे असेल तिथे ठिपका दिला, तर ठिपक्यांच्या रांगोळीतल्यासारखे समान अंतरावरचे ठिपके मिळतात. ही लिनियर हालचाल. आता तेच अंतर तेवढ्याच वेळात असं कापू: ६६, ५४, ४२, ३०, १८, ६. बेरीज पुन्हा २१६च. ठिपके आधी दूर-दूर पडतात, मग जवळ येत जातात. सगळ्या आकड्यांना सहाने भागलं तर ११, ९, ७, ५, ३, १ अशा उलट्या क्रमाने विषम संख्या उरतात. उतारावरून घरंगळणारा गोळा समान वेळांत १, ३, ५, ७ या प्रमाणात अंतरं कापतो हे गॅलिलिओने दाखवलं होतं. आपला पॅनेल तीच गोष्ट उलट बाजूने करतो आहे. तो चढावर ढकललेल्या गोळ्यासारखा मंदावत जाऊन वर थांबतो. तिसरा प्रकार आणखी तीव्र आहे: ९१, ६१, ३७, १९, ७, १. इथे निम्मा वेळ संपतो तेव्हा २१६पैकी १८९ पिक्सेल कापून झालेले असतात, आणि शेवटच्या १०० मिलिसेकंदांत पॅनेल जेमतेम आठ पिक्सेल सरकतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराला ईझ-आऊट म्हणतात. दुसरा वर्गाचा, म्हणजे क्वाड, आणि तिसरा घनाचा, म्हणजे क्युबिक. हेच आकडे उलट्या क्रमाने लावले की ईझ-इन मिळतो, म्हणजे आधी हळू आणि मग जोरात. एकाच हालचालीत दोन्ही टोकं मऊ केली की ईझ-इन-आऊट. आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर कापलेलं अंतर मांडून जी रेषा येते ती ईझिंग कर्व्ह. त्या रेषेचा चढ म्हणजे त्या क्षणाचा वेग. माझ्या मते या विषयात खऱ्या अर्थाने पाहण्यासारखी गोष्ट एकच आहे: रेषेच्या दोन टोकांना चढ किती आहे. मधला भाग नंतर बघता येतो.

आता लिनियर हालचाल यंत्रवत का वाटते? साठ हर्ट्झच्या पडद्यावर आपल्या ३०० मिलिसेकंदांत अठरा फ्रेम येतात, म्हणजे लिनियर पॅनेल दर फ्रेमला बारा पिक्सेल सरकतो. पहिल्या फ्रेमच्या आधी त्याचा वेग शून्य होता, पहिल्या फ्रेमला तो सेकंदाला ७२० पिक्सेल झाला, आणि अठराव्या फ्रेमनंतर एका झटक्यात पुन्हा शून्य. वजन असलेली कुठलीही वस्तू असं करू शकत नाही. शून्यातून पूर्ण वेगावर क्षणात जायचं तर अनंत बल लागेल. जन्मापासून आपण वजनदार वस्तूंमध्ये वावरतो, त्यामुळे डोळ्याला ही अशक्यता गणिताशिवाय कळते. मधली एकसारखी चाल आपल्याला खटकत नाही. महामार्गावरची गाडी एकसारख्या वेगाने जाते आणि त्यात कोणालाच काही यांत्रिक दिसत नाही. खटकतात ती दोन टोकं.

आपलं स्वतःचं शरीर कसं हलतं हेही मोजून झालेलं आहे. तामार फ्लॅश आणि नेव्हिल होगन यांनी १९८५ साली हाताच्या हालचालींचं एक गणिती प्रारूप मांडलं. एका बिंदूवरून दुसऱ्या बिंदूवर हात नेताना माणूस हिसका कमीत कमी बसेल असा मार्ग घेतो, असं ते प्रारूप सांगतं. इथे हिसका हा शब्द भौतिकशास्त्राच्या अर्थाने आहे: त्वरण बदलण्याचा दर. त्यातून येणारा वेगाचा आलेख घंटेच्या आकाराचा असतो. सुरुवातीला शून्य, मध्यावर सरासरीच्या १.८७५ पट, शेवटी पुन्हा शून्य. टेबलावरचा पेला उचलायला हात पुढे करा आणि लक्ष द्या, ही घंटा तुमच्याच हातात सापडेल. लिनियर हालचालीत वेग सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकपट राहतो, आणि तसं कुठल्याही निरोगी हाताने कधी केलेलं नसतं.

लिनियर हालचालीला लावलं जाणारं ‘रोबोटसारखी’ हे विशेषण मात्र रोबोटवर अन्याय करणारं आहे. कारखान्यातला रोबोटचा हात लिनियर पद्धतीने सुरू केला आणि थांबवला तर तो थरथरेल, त्याचे गिअर झिजतील आणि पकडलेली वस्तू हलेल. म्हणून यंत्र-अभियंते वेग हळूहळू चढवतात आणि उतरवतात. फ्लॅश-होगन यांच्या प्रारूपातली पाचव्या घाताची बहुपदी रोबोटचा मार्ग आखतानाही वापरली जाते. चांगल्या लिफ्टमध्ये मजला आल्याचं पोटाला कळत नाही, त्यामागेही अशीच काळजी असते.

क्वाड आणि क्युबिक यांतला फरक मला एसटीने नीट समजावला. बसमध्ये उभं राहून प्रवास केलेल्या प्रत्येकाला दोन प्रकारचे ड्रायव्हर माहीत असतात. एक जण ब्रेकवर पाय ठेवतो आणि बस पूर्ण थांबेपर्यंत तेवढाच दाबून धरतो. बस व्यवस्थित मंदावते, पण थांबण्याच्या नेमक्या क्षणी उभी माणसं मागे झोकांडतात, कारण तोवर एकसारखं असलेलं मंदन त्या क्षणी अचानक शून्य होतं. दुसरा ड्रायव्हर शेवटच्या एक-दोन मीटरमध्ये ब्रेक किंचित सैल सोडत नेतो. बस कधी थांबली ते खिडकीबाहेर बघितल्याशिवाय कळत नाही. पहिल्या ड्रायव्हरचा आलेख म्हणजे क्वाड ईझ-आऊट: मंदन शेवटपर्यंत एकसारखं. दुसऱ्याचा आलेख क्युबिकच्या जवळचा: वेगाबरोबर मंदनही शून्याकडे येतं. पडद्यावर आपल्या शरीराला हिसका बसत नाही हे खरं. पण क्वाडने आलेला पॅनेल ‘थांबला’ असं वाटतं आणि क्युबिकने आलेला ‘स्थिरावला’ असं वाटतं, त्याचं कारण हेच आहे.

ही जाण संगणकाच्या आधीची आहे. डिस्नेच्या स्टुडिओत मुख्य ॲनिमेटर हालचालीतली महत्त्वाची चित्रं काढायचा आणि मधली चित्रं भरणाऱ्या साहाय्यकासाठी कागदाच्या कडेला शिडीसारखी एक खूण करून ठेवायचा. शिडीच्या पायऱ्या शेवटच्या चित्राजवळ दाट असल्या तर तिथे चित्रं जास्त, म्हणून हालचाल मंद. पायऱ्या दाट करायची सोपी रीत म्हणजे अर्ध्याचं अर्धं करत जाणं: आधी मधोमध एक चित्र, मग उरलेल्या अंतराच्या मधोमध दुसरं, मग तिसरं. फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ साली ‘द इल्युजन ऑफ लाइफ’ या पुस्तकात ॲनिमेशनची बारा तत्त्वं मांडली, त्यात ‘स्लो इन आणि स्लो आऊट’ या नावाने ही रीत आहे. मुंबईला ही विद्या त्या पुस्तकाच्या कितीतरी आधी पोचली होती. डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ साली फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून फिल्म युनिटमध्ये शिकवायला आले आणि राम मोहन यांच्यासारखे ॲनिमेटर त्यांच्याकडून हे काम शिकले.

हाताने होणारं हे काम सूत्रांत बसवून सर्वांच्या हाती देण्यात रॉबर्ट पेनर यांचा वाटा मोठा आहे. २००१च्या सुमारास त्यांनी फ्लॅश या सॉफ्टवेअरसाठी ईझिंगची समीकरणं लिहून खुली केली. क्वाड, क्युबिक, क्वार्ट, साइन, एक्स्पो, बॅक, इलॅस्टिक, बाऊन्स ही आज प्रत्येक टूलमध्ये दिसणारी यादी बरीचशी त्यांचीच. वेबवर मात्र दुसरं साधन रुजलं: क्युबिक बेझिए वक्र. तो मुळात मोटारींच्या पत्र्याचे बाक काढण्यासाठी रेनोमध्ये पिएर बेझिए आणि सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्झो यांनी स्वतंत्रपणे घडवला होता.

या प्रवासात नावांचा एक घोळ झाला, आणि त्यापायी आजही कामं चुकतात. डिस्नेच्या भाषेत ‘स्लो इन’ म्हणजे मुख्य चित्रात शिरताना हळू होणं, म्हणजे हालचालीचा शेवट मऊ. आफ्टर इफेक्ट्सनेही तोच अर्थ ठेवला आहे. तिथे एखाद्या कीफ्रेमला ‘ईझी ईझ इन’ दिलं की त्या कीफ्रेमकडे येणारी हालचाल मंदावते. सीएसएसमध्ये आणि पेनरच्या समीकरणांत ईझ-इन म्हणजे हालचालीची सुरुवात मऊ. म्हणजे अर्थ नेमका उलटा. डिझायनरने आफ्टर इफेक्ट्समध्ये बघून ‘इथे ईझ-इन आहे’ असं लिहून दिलं आणि डेव्हलपरने `ease-in` टाइप केलं, तर पॅनेल वर येऊन भिंतीवर आदळल्यासारखा थांबतो. एका कामात आमचे दोन दिवस या एका शब्दावर गेले. तेव्हापासून मी कागदपत्रांत नाव लिहीत नाही, चार आकडे लिहितो. आफ्टर इफेक्ट्समधला नेहमीचा ‘ईझी ईझ’, म्हणजे दोन्ही टोकांना वेग शून्य आणि प्रभाव ३३.३३ टक्के, सीएसएसमध्ये `cubic-bezier(0.33, 0, 0.67, 1)` असा लिहिला की तोच कर्व्ह मिळतो.

हे चार आकडे वाचायला शिकणं फार अवघड नाही. वक्र (०, ०) पासून (१, १) पर्यंत जातो. पहिले दोन आकडे पहिल्या हँडलची जागा सांगतात, पुढचे दोन दुसऱ्याची. सुरुवातीचा वेग म्हणजे पहिल्या हँडलचा चढ: `y1 / x1`. शेवटचा वेग म्हणजे दुसऱ्या हँडलपासून शेवटच्या बिंदूपर्यंतचा चढ: `(1 - y2) / (1 - x2)`. दोन्ही आकडे सरासरी वेगाच्या पटीत येतात. लिनियरला दोन्हीकडे १ येतो. ब्राउझरने ठरवून दिलेली नावं या नजरेने पाहू:

```css
ease:        cubic-bezier(0.25, 0.1, 0.25, 1)
ease-in:     cubic-bezier(0.42, 0, 1, 1)
ease-out:    cubic-bezier(0, 0, 0.58, 1)
ease-in-out: cubic-bezier(0.42, 0, 0.58, 1)
```

`ease` सुरू होतो ०.४ पट वेगाने, म्हणजे सौम्य धक्क्याने, आणि संपतो शून्यावर. `ease-out`चं पहिलं हँडल (०, ०) वरच आहे, अशा वेळी चढ पुढच्या हँडलकडे मोजायचा: १ भागिले ०.५८, म्हणजे सुमारे १.७२ पट. आपला क्वाड २ पटीने सुरू होतो आणि क्युबिक ३ पटीने, त्यामुळे नावाचा `ease-out` या दोघांहून नरम आहे. ‘ईझ-आऊट लावलं तरी ॲप आळशी वाटतं’ ही तक्रार बऱ्याचदा इथूनच येते. आपला क्युबिक बेझिएत अगदी नेमका लिहिता येतो: हँडलचे x एक-तृतीयांश आणि दोन-तृतीयांश, y दोन्ही १. म्हणून `cubic-bezier(0.33, 1, 0.67, 1)`. ३ पटीने सुरुवात, शून्याने शेवट.

x कायम ० ते १ मध्येच राहतो, कारण वेळ मागे नेता येत नाही. y मात्र बाहेर जाऊ शकतो. `cubic-bezier(0.34, 1.56, 0.64, 1)` हा कर्व्ह ठरलेल्या जागेच्या सुमारे दहा टक्के पुढे जाऊन परत येतो. छोट्या बटणाला किंवा सूचनेच्या ठिपक्याला तो छान दिसतो. आपल्या पॅनेलला लावला तर तो एकवीसेक पिक्सेल जास्त वर जाईल आणि त्याच्या खालच्या कडेशी तेवढी फट उघडी पडेल. मागचा मजकूर तिथे क्षणभर डोकावतो. ही चूक मी बाजारात आलेल्या ॲपमध्येही पाहिली आहे. उपाय दोन: पॅनेल खालून तीसेक पिक्सेल लांब करून ठेवणं, किंवा कडेला चिकटलेल्या वस्तूला पुढे जाऊन परत येणारा कर्व्ह न देणं. मी दुसरा उपाय निवडतो.

आता मूळ प्रश्न: इन की आऊट? ‘येताना आऊट, जाताना इन’ असा नियम सर्वत्र सांगितला जातो. तो बहुतेक वेळा बरोबर ठरतो, पण का ठरतो हे कळलं की तो कुठे मोडतो हेही कळतं. मी स्वतःला दोन प्रश्न विचारतो. ही वस्तू सुरुवातीला प्रेक्षकाच्या नजरेसमोर स्थिर उभी होती का? आणि शेवटी ती नजरेसमोर स्थिर उभी राहणार आहे का? ज्या टोकाला उत्तर ‘हो’, त्या टोकाचा वेग शून्याजवळ हवा. जिथे ‘नाही’, तिथे वेग कितीही असला तरी चालतो, कारण ती वस्तू थांबलेली कोणी पाहिलेलीच नाही.

आपला पॅनेल पडद्याबाहेरून येतो. बाहेर तो आधीपासून वेगात होता असं डोळा मान्य करतो. थांबतो मात्र समोर. म्हणून ईझ-आऊट. क्युबिकने आल्यास तो पहिल्याच फ्रेमला सुमारे ३४ पिक्सेल उडी घेतो, लिनियरच्या जवळजवळ तिप्पट, आणि तरीही ती उडी जाणवत नाही. इथे डोळ्याची चालही मदतीला येते. नवीन गोष्टीकडे नजर वळायला साधारण २०० मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात पॅनेलने २०८ पिक्सेल कापलेले असतात. नजर पोचते तेव्हा तो स्थिरावत असतो. ईझ-आऊट ‘चपळ’ वाटण्यामागे मला हे एक कारण दिसतं.

पण हाच क्युबिक ईझ-आऊट एखाद्या यादीतल्या ओळीला लावा, जी पडद्यावर स्थिर दिसत होती आणि आता चौथ्या जागेवरून पहिल्या जागेवर जाणार आहे. आता तीच ३४ पिक्सेलची पहिली उडी स्पष्ट दिसते. ओळ हलत नाही, फेकली जाते. दोन्ही टोकं नजरेसमोर आहेत, म्हणून दोन्हीकडे शून्य वेग हवा. पण समान मापाचा `ease-in-out` इथे थोडा जड पडतो, कारण त्याचा पहिला अर्धा भाग वाट पाहण्यात जातो. गूगलच्या मटेरियल डिझाइनने रुजवलेला `cubic-bezier(0.4, 0, 0.2, 1)` ही अडचण चांगली सोडवतो. दोन्ही टोकांना वेग शून्य, पण सुरुवात आखूड आणि शेवट लांब, आणि निम्म्या वेळेत सुमारे ७८ टक्के अंतर पार. नजरेसमोरच्या हालचालींसाठी मी या कर्व्हपासून सुरुवात करतो आणि क्वचितच फार दूर जातो.

जाताना काय? पॅनेल समोर उभा आहे आणि पडद्याबाहेर जाणार आहे, म्हणून सूत्राप्रमाणे ईझ-इन. क्युबिक घेतला तर १, ७, १९, ३७, ६१, ९१. आता ‘बंद करा’ दाबणाऱ्या माणसाच्या जागी उभं राहून बघा. पहिल्या १०० मिलिसेकंदांत पॅनेल फक्त आठ पिक्सेल हलला. जेकब नील्सन यांनी लोकप्रिय केलेली मर्यादा अशी की सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत काही घडलं तरच माणसाला ते तत्काळ घडलं असं वाटतं. आठ पिक्सेल म्हणजे त्याच्या लेखी काहीच घडलं नाही. तो पुन्हा दाबतो, आणि दुसरा स्पर्श मागच्या बटणावर पडतो. म्हणून स्पर्शाला उत्तर देणाऱ्या हालचालीत ईझ-इन असलाच तर सौम्य हवा आणि वेळ कमी हवा. क्वाड ईझ-इन २०० मिलिसेकंदांत दिला तर पहिल्या १०० मिलिसेकंदांत ५४ पिक्सेल जातात आणि बोटाला उत्तर मिळतं. चार सेकंदांनी आपोआप निघून जाणाऱ्या सूचनेला मात्र कोणी काही विचारलेलं नसतं. तिला खुशाल तीव्र ईझ-इन द्यावा.

ईझ-इनचं आणखी एक हक्काचं काम आहे: खरोखर आदळणाऱ्या वस्तू. चेंडू जमिनीवर पडतो तेव्हा शेवटचा वेग सर्वांत जास्त असायलाच हवा. पडताना क्वाड ईझ-इन, उसळताना क्वाड ईझ-आऊट. गुरुत्वाकर्षणाचं सूत्र वर्गाचं असल्यामुळे इथे क्युबिक लावला की चेंडू लगेच खोटा दिसतो.

कर्व्ह ठरवताना वेळ वेगळी ठरवता येत नाही, हे शिकायला मला फार उशीर लागला. क्युबिक ईझ-आऊटमध्ये शेवटचे १०० मिलिसेकंद आठ पिक्सेलमध्ये जातात, म्हणजे ३०० मिलिसेकंदांची हालचाल माणसाला दोनशेची वाटते. लिनियर काढून ईझ-आऊट लावलात आणि वेळ तीच ठेवलीत तर हालचाल घाईची वाटेल. वेळ थोडी वाढवावी लागते. उलट, `ease-in` लावलात तर तीच वेळ लांबलेली वाटते. मटेरियल डिझाइनच्या सुरुवातीच्या मार्गदर्शनात फोनवर आत येणाऱ्या गोष्टीला २२५ आणि बाहेर जाणाऱ्या गोष्टीला १९५ मिलिसेकंद दिले होते. जाणाऱ्याला कमी वेळ, कारण त्याच्यात आता कोणाला रस नसतो. अंतर दुप्पट झालं म्हणून वेळ दुप्पट करू नये. दीडपटीच्या आतच भागतं.

सगळं बरोबर निवडूनही हालचाल बिघडते, तेव्हा दोष बहुधा दोन ठिकाणी सापडतो. पहिलं ठिकाण सीएसएसच्या कीफ्रेमचं. तिथे ठरवलेला कर्व्ह पूर्ण हालचालीला लागत नाही. तो दर दोन कीफ्रेममधल्या प्रत्येक तुकड्याला वेगळा लागतो. ०, ५० आणि १०० टक्के अशा तीन कीफ्रेम आणि `ease-in-out` असं लिहिलं की वस्तू मध्यावर येऊन थबकते आणि पुन्हा निघते. ही अडखळण डोळ्याला दिसते पण नेमकी कुठे आहे ते कळत नाही. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समधल्या ॲनिमेशन पॅनेलमध्ये वेग दहा टक्क्यांवर आणा, ती लगेच सापडते.

दुसरं ठिकाण गेम आणि कॅन्व्हासच्या कोडमधलं. दर फ्रेमला उरलेल्या अंतराचा दहावा भाग सरकायचं, ही जुन्या ॲनिमेटरांच्या अर्ध्याचं अर्धं करण्याचीच नातलग रीत आहे. फरक इतकाच की त्यांच्या फ्रेम सेकंदाला ठरलेल्या २४ होत्या. साठ हर्ट्झवर उरलेलं अंतर निम्मं व्हायला या रीतीत सुमारे ११० मिलिसेकंद लागतात, आणि १२० हर्ट्झच्या नव्या फोनवर ५५. म्हणजे एकच खेळ महागड्या फोनवर दुप्पट चपळ. उपाय म्हणजे दोन फ्रेममधला खरा वेळ हिशेबात घेणं:

```js
x += (target - x) * (1 - Math.exp(-k * dt));
```

`dt` सेकंदांत आणि `k` ६.३ ठेवला की साठ हर्ट्झवरची जुनी चाल सगळीकडे तशीच मिळते.

बेझिए कर्व्हची खरी मर्यादा दिसते ती हालचाल मध्येच अडवली जाते तेव्हा. पॅनेल वर येत असताना माणसाने तो परत खाली ढकलला तर नवा कर्व्ह जुन्या वेगाची दखल न घेता आपल्या ठरलेल्या वेगाने सुरू होतो. पॅनेल वर जाता जाता एका फ्रेममध्ये उलटा फिरतो, आणि लिनियरच्या टोकाला होता तोच धक्का इथे मध्यावर बसतो. स्प्रिंगवर आधारलेल्या हालचालीत असं होत नाही. स्प्रिंगला ठरलेली वेळ नसते. तिला आत्ताची जागा, आत्ताचा वेग आणि पोचायची जागा दिली की पुढचं ती ठरवते. ॲपलने २०१३ साली आयओएस ७ मध्ये स्प्रिंगची हालचाल सर्व डेव्हलपरांना खुली केली, तेव्हापासून फोनवर ती रुळली. तिचे मुख्य आकडे दोन: ताठरपणा आणि डॅम्पिंग, म्हणजे हालचाल शमवणारा विरोध. वस्तुमान १ धरलं तर ताठरपणाच्या वर्गमुळाची दुप्पट एवढं डॅम्पिंग दिलं की वस्तू न डुलता शक्य तितक्या लवकर स्थिरावते. ‘रिॲक्ट-मोशन’मध्ये ठरवून ठेवलेली जोडी १७० आणि २६ अशी आहे. १७०चं वर्गमूळ सुमारे १३.०४, त्याची दुप्पट २६.०८. म्हणजे ती जोडी जवळजवळ त्या सीमेवरच आहे. २६ ऐवजी १५ ठेवलं की पॅनेल डुलतो, आणि खालची फट पुन्हा उघडी पडते.

लिनियर हालचालीलाही तिच्या जागा आहेत. फिरत राहणारं लोडिंगचं चक्र लिनियरच हवं, नाहीतर प्रत्येक फेरीला ते अडखळतं. थोड्या वेळात रंग किंवा पारदर्शकता बदलायची असेल तर लिनियर पुरेशी असते, कारण तिथे काही सरकत नाही. ज्यांना हालचालीने मळमळतं त्यांनी फोनमध्ये तशी सेटिंग केलेली असते. `prefers-reduced-motion` पाहून त्यांना सरकणारा पॅनेल न दाखवता असा साधा फेड द्यावा.

आपल्या पॅनेलचा हिशेब अखेर असा लागतो:

```css
.panel       { transition: transform 200ms cubic-bezier(0.33, 0, 0.67, 0.33); }
.panel.open  { transition: transform 300ms cubic-bezier(0.33, 1, 0.67, 1); }
```

वरची ओळ बंद होतानाची, क्वाड ईझ-इन. खालची उघडतानाची, क्युबिक ईझ-आऊट. पण माणूस पॅनेलची वरची कड बोटाने धरून खाली ओढत असेल, तेवढा वेळ दोन्ही ओळी बंद ठेवायच्या. तेव्हा बोट दहा पिक्सेल गेलं की पॅनेलही दहा पिक्सेल गेला पाहिजे. मध्ये कुठलाही कर्व्ह घातला तर पॅनेल बोटाच्या मागे रेंगाळतो. बोटाच्या हालचालीत ती घंटा आधीपासूनच आहे. बोट सुटलं की त्या क्षणी त्याचा जो वेग होता तो स्प्रिंगला द्यायचा आणि पॅनेल तिच्या हवाली करायचा.